तिसऱ्यांदा बुडवलेला विळा

जालना जिल्ह्यातल्या खेड्यात माणूस गेला की रडणं ही एकट्याची गोष्ट राहत नाही. बाहेरगावची पाहुणी वेशीपासूनच हेल काढत येते, दारात घरच्या बाईच्या गळ्यात पडते आणि नुकतंच शांत झालेलं घर पुन्हा रडायला लागतं. दुसरी जीप आली की पुन्हा तेच. त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीतून भाकरी येते आणि ‘कडू घास’ म्हणून घरच्यांना बळेच खायला लावतात. मग सावडणं, दहावा, पिंडाला कावळा शिवतो की नाही याची वाट बघणं, तेरावा. या दिवसांत कोण किती रडलं आणि कोण रडलंच नाही, हे गाव बारकाईने बघत असतं. न रडणाऱ्या बाईला म्हाताऱ्या सांगतात, ‘रड बाई, मोकळी हो.’ तरीही ती रडली नाही तर आधी काळजी सुरू होते आणि नंतर कुजबुज.

शोकाचा प्रसंग लिहिताना पात्राला रडवू नये, वस्तू आणि छोट्या हालचालींतून दुःख दाखवावं, असा सल्ला नव्या कथालेखकांना हमखास मिळतो. मला तो सल्ला मान्य आहे. पण आपल्याकडे तो अर्धाच पोहोचला आहे, असं मला वाटतं. ज्या समाजात चारचौघांत अश्रू आवरणं हीच रीत आहे, तिथे न रडणारं पात्र सहज लिहिता येतं, कारण वाचकाला त्यात काही वेगळं दिसत नाही. अंबड किंवा घनसावंगी तालुक्यातल्या घरात मात्र न रडणं ही स्वतःच एक घटना आहे. ती का घडली हे लेखकाला माहीत असावं लागतं. कथेत ते कारण उघडपणे येवो न येवो, प्रसंगाच्या पोटात ते असलंच पाहिजे. नाहीतर पात्र धीरगंभीर वाटण्याऐवजी कोरडं वाटतं, किंवा लेखकाच्या हुकमावरून गप्प बसल्यासारखं वाटतं.

कारणं वेगवेगळी असतात. घरातला थोरला, सगळ्यांना आवरण्याची जबाबदारी ज्याच्यावर पडली आहे, तो रडत नाही. ज्याचं काम उद्यावर ढकलता येत नाही, तो रडत नाही. आणि एक कारण आपल्या कथांत फार कमी आलं आहे: ज्याला रडण्याचा हक्कच नाही, तोही रडत नाही. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठरवलेला सालगडी घ्या. मालकाच्या ज्या पोराला त्याने खांद्यावर बसवून बैलांमागे फिरवलं, ते पोर गेलं, तर बैठकीत त्याची जागा कुठली? नातेवाईक आत, गावकरी ओसरीवर, आणि हा गोठ्यात. धारा काढायच्याच आहेत. त्याने त्या संध्याकाळी काय केलं, हे लिहायला बसलं की अश्रू आपोआप बाजूला पडतात, कारण ते त्याला परवडणारे नाहीत.

अश्रूंच्या पलीकडे बघण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यांत अश्रू हा फक्त एक आहे. अंग ताठरणं, घाम, रोमांच, आवाज फुटणं, कंप, रंग उडणं आणि भान हरपणं हे बाकीचे सात. करुण रसाचे अनुभाव सांगतानाही तो ग्रंथ रडणं आणि विलाप यांच्यापाशी थांबत नाही. तोंडाला पडणारी कोरड, सैल पडलेली गात्रं, निःश्वास आणि आठवण बुजणं हेही त्या यादीत येतं. ही यादी नटासाठी होती, कारण प्रेक्षकाला दिसेल आणि ऐकू येईल असं काहीतरी नटाला करून दाखवायचं असतं. गद्य लिहिणाऱ्याला त्यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत उपयोगी आहे. दुःखात माणूस ओळखीच्या कामाचा क्रम विसरतो. वर्षानुवर्षं हाताला ठाऊक असलेलं काम मधेच अडतं, उलटं होतं, किंवा गरज नसताना दोनदा होतं. शोक दिसतो तो तिथे.

माझं म्हणणं एवढंच आहे की शोकाच्या प्रसंगातल्या वस्तूला आधी स्वतःचं काम असावं, त्या कामाला स्वतःचे नियम असावेत, आणि ते नियम वाचकाला आधी कळलेले असावेत. मग त्या नियमापासून हात जरासा ढळला तरी पुरतं.

नवशिक्या कथेत याच्या नेमकं उलट घडतं. पात्र रडत नाही, पण गेलेल्याच्या चपला उराशी धरतं, चष्मा पुसत बसतं, त्याचा सदरा नाकाशी नेतं, मोबाइलमधला जुना आवाज पुन्हा पुन्हा ऐकतं. यात अश्रूंच्या जागी वस्तू आली, एवढाच फरक झाला. त्या चपलेला कथेत दुसरं काहीच काम नाही. मेलेल्याची आठवण करून देणं, एवढ्यासाठीच लेखकाने ती तिथे ठेवली आहे, आणि हे वाचकाला पहिल्या वाक्यातच कळतं.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’मध्ये (1955) दुर्गा गेल्यानंतर कुटुंब गाव सोडायच्या तयारीला लागतं, तेव्हा लहानग्या अपूला फडताळात लपवलेली माळ सापडते. ती चोरल्याचा आळ दुर्गावर आला होता आणि तिने तो नाकारला होता. अपू धावत जाऊन माळ तळ्यात फेकतो. पाण्यावरचं शेवाळ क्षणभर फाकतं आणि परत मिटतं. त्या पोराच्या डोळ्यांत पाणी आहे का, हा प्रश्नच आपल्या मनात येत नाही. त्या माळेला आधीपासून एक गोष्ट आहे, तिच्यावरून घरात भांडण झालेलं आहे, आणि आता या पोरासमोर एक काम आहे: बहिणीची अब्रू राखायची. तो ते काम करतो. त्याच चित्रपटात आई फुटते ती नवऱ्याने दुर्गासाठी आणलेली साडी हाती आल्यावर, आणि तिथे तिच्या रडण्याचा आवाज काढून रायांनी वाद्याचा आवाज ठेवला. म्हणजे एकाच दुःखासाठी त्यांनी दोन वाटा वापरल्या, आणि कुणाला रडू द्यायचं हे त्या त्या पात्राच्या स्थितीवरून ठरवलं.

मराठवाड्यात हे ज्या कथांनी साधलं त्यांत भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा मला फार मोलाची वाटते. तिथे कुणाचा मृत्यू नाही. टोमॅटोचा भाव पडला आहे, आणि शाळकरी मुलाच्या डोळ्यांदेखत बाप भर बाजारात आपलाच माल पायांनी तुडवतो. बियाण्यापासून तोडणीपर्यंत ज्या मालाला जपायचं असतं, तो तुडवायचा नसतो, हे नियम त्या घराला आणि वाचकाला आधीच ठाऊक आहेत. म्हणून ते तुडवणं नुसता राग राहत नाही. शेतकऱ्याचं दुःख म्हटलं की दोर, औषधाचा डबा आणि टाहो फोडणारी बायको एवढ्यावरच थांबणाऱ्या नंतरच्या कितीतरी कथांना या एका कृतीपाशी बसून शिकता येईल.

आता एक प्रसंग तपशिलात लिहून बघू. जालना म्हणजे मोसंबी. ‘जालना मोसंबी’ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. या बागेत पावसाळ्याच्या तोंडावर एक काम चुकवून चालत नाही. डिंक्या रोग खोडावर येऊ नये म्हणून जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत खोडाला बोर्डो पेस्ट लावायची असते. प्रमाण ठरलेलं आहे: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद पाच लिटर पाण्यात वेगळं विरघळवायचं, तेही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. लोखंडी बादली चालत नाही. चुना उरलेल्या पाच लिटरमध्ये वेगळा विझवायचा, तो फसफसतो आणि तापतो. गार झाल्यावर दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतायची आणि लाकडी काठीने ढवळत राहायचं. आभाळासारखा निळा रंग येतो. मग लोखंडी विळा त्यात क्षणभर बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त आहे, अजून चुन्याचं पाणी घालायचं आणि पुन्हा बुडवून बघायचं. पातं स्वच्छ निघालं की मिश्रण तयार. ते त्याच दिवशी वापरायचं, शिळं झालं की त्याचा गुण जातो.

या कामात शोकाच्या प्रसंगाला लागणारं सगळं आहे. पावसाची मुदत आहे, म्हणजे बापाला घरी बसून राहता येत नाही. भिजवलेलं वाया जाऊ नये म्हणून काम मधे सोडता येत नाही. आणि ‘दोन्ही एकाच वेळी ओतायची’ या नियमामुळे हे काम दोन माणसांचं आहे.

समजा, अंबड तालुक्यातला एक बाप. मुलगा गेला आहे, तेरावा काल झाला. हे मी पहिल्याच परिच्छेदात एका साध्या वाक्यात सांगून टाकीन. अमेरिकन कादंबरीकार जॉन गार्डनर यांनी लेखनकलेवरच्या आपल्या पुस्तकात एक सराव दिला आहे: युद्धात मुलगा गमावलेल्या माणसाच्या नजरेतून एका कोठाराचं वर्णन करा, पण मुलाचा, युद्धाचा, मृत्यूचा उल्लेख करू नका. सराव म्हणून तो उत्तम आहे, हात तयार होतो. कथेत मात्र मृत्यू लपवला की वाचक शोक अनुभवायचं सोडून कोडं सोडवत बसतो. मृत्यू सांगून टाकावा, लपवायचं ते फक्त दुःख.

पहिल्या खर्ड्यात बहुतेक जण असं लिहितील: बाप बादलीकडे बघतो, शेजारची रिकामी जागा बघतो, त्याला मुलाची आठवण येते, घशात आवंढा येतो, तो तो गिळतो. ही पाचही वाक्यं काढून टाकावीत. आवंढा हा अश्रूंचाच धाकटा भाऊ आहे. ‘रिकामी जागा’ हे शब्द आले की लेखक स्वतः येऊन वाचकाच्या कानात बोलला. उरतं ते ओतणं. बाप डाव्या हाताने चुन्याची बादली उचलतो, उजव्या हाताने मोरचुदाची. पाच लिटरची भरलेली बादली एका हाताने उचलणं कठीण नाही, पण तिची धार बारीक ठेवणं कठीण आहे, त्यासाठी दुसरा हात तळाला लागतो. निळं पाणी भांड्याच्या काठावरून सांडतं, धोतरावर पडतं. तो बादल्या खाली ठेवत नाही. दोन्ही संपेपर्यंत ओततो, मग काठी घेतो.

मग विळा. पहिल्यांदा पातं तांबूस निघतं. तो चुन्याची निवळी घालतो, ढवळतो, बुडवतो. पातं स्वच्छ निघतं. काम इथे संपलं, हे वाचकाला आता ठाऊक आहे. बाप विळा धोतराच्या सोग्याला पुसतो आणि तिसऱ्यांदा बुडवतो. तो काय शोधतो आहे हे मी लिहिणार नाही, आणि तो चौथ्यांदाही बुडवणार नाही, कारण चौथ्यांदा केलं की ते वेड दाखवण्यासाठी केलेलं होतं आणि वाचक लेखकाकडे बघायला लागतो. नियमाबाहेरची एकच हालचाल पुरते.

नंतर खोडं. मागच्या वर्षीचा पट्टा फिकट होऊन अजून शिल्लक आहे. मुलगा उंच होता, वाकायचा कंटाळा करायचा, त्यामुळे त्याचा पट्टा बुंध्याशी वीतभर सोडून हवा त्यापेक्षा वीतभर वर गेलेला आहे. बापाचा हात तीन फुटांवर थांबतो आणि वर जुन्या रंगाची पट्टी उरते. पहिल्या दोन झाडांना तो ती तशीच सोडतो. तिसऱ्या झाडापासून तो जुन्या रेघेपर्यंत रंगवायला लागतो. यात भावनेचा एकही शब्द नाही, पण एक हिशेब आहे: प्रत्येक झाडाला वीतभर जास्त लागलं तर मिश्रण सगळ्या बागेला पुरणार नाही. दुःखाचा परिणाम कामावर व्हायला हवा, तो मोजता यायला हवा. शेवटची ओळ कोरडी राहते आणि बापाला घरी यावं लागतं.

इथे सुनेशी बोलणं येतं. ते फार थोडं हवं.

‘चुना सरला.’

‘आणखी भिजवू का, मामा?’

‘उद्या.’

सुनेला या घरातला हिशेब माहीत आहे. दरसाल तेवढ्याच चुन्यात बाग होते, हे ती जाणते. ती काही विचारत नाही. रात्री ती मोरचूद भिजवते, आणि सकाळी बापाच्या आधी उठून दुसऱ्या बादलीपाशी उभी राहते. हा शेवट मी ठेवीन की नाही, याबद्दल मला शंका आहे. तो थोडा गोड होतो. पण सून बादलीपाशी उभी राहण्याऐवजी फक्त मोरचुदाची पुडी प्लास्टिकच्या बादलीशेजारी ठेवून भाकरी करायला गेली, तर तीही बापासारखंच न रडणारं माणूस होते आणि प्रसंगाला दुसरी बाजू मिळते. मला हा दुसरा शेवट अधिक खरा वाटतो.

सुनेचा विषय निघाला म्हणून एक धोका सांगितला पाहिजे. न रडणारी बाई आपल्याला फार आवडते. तिला आपण धीराची, खंबीर म्हणतो आणि तिचं कौतुक कथेत ओतप्रोत भरतो. विधवा झालेल्या, बँकेचं कर्ज आणि दोन लेकरं अंगावर पडलेल्या बाईचं न रडणं हा तिचा मोठेपणा म्हणून रंगवला की तिच्यावर झालेला अन्याय सजावटीखाली जातो. तलाठ्याच्या सहीसाठी ती आठवडाभर खेटे घालते, कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पदराखाली धरते, प्रत्येक टेबलावर तीच घडी उलगडते आणि पुन्हा घालते. ती रडत नाही कारण तिला वेळ नाही. कागदाची घडी जिथे झिजून फाटते, तिथे तिने चिकटपट्टी लावली, एवढं लिहिलं तर पुरे. तिची स्तुती करण्याची गरज नाही.

दुसरा धोका वस्तूंच्या गर्दीचा आहे. एकदा ही पद्धत हाताला लागली की लेखक एका प्रसंगात विळा, पट्टा, बादली, गेलेल्याची टोपी, भिंतीवरचं कॅलेंडर, बंद पडलेलं घड्याळ असं सगळं आणतो. वर लिहिलेल्या प्रसंगातही विळा आणि खोडावरचा पट्टा हे दोन्ही एकाच जोराने आले तर एक दुसऱ्याला मारतो. मी लिहीन तेव्हा विळ्याला एकच वाक्य देईन आणि पट्ट्याला पानभर, कारण पट्ट्याला परिणाम आहे. घड्याळ, कॅलेंडर, विझलेला दिवा यांना तर या कथेत येऊच देऊ नये. त्या वस्तू जगातल्या सगळ्या शोककथांनी वापरून गुळगुळीत केल्या आहेत आणि त्यांत जालन्याचं काही नाही.

2012-13च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि लोकांना त्या तोडून सरपणाला घालाव्या लागल्या. त्या काळावर पुष्कळ लिहिलं गेलं, बरंचसं कुऱ्हाडीवर लिहिलं गेलं. पण बाग तोडल्यावर ठिबकच्या नळ्या उरतात. त्या उन्हात कडक होतात, गुंडाळताना पीळ पडतो, म्हणून एकाने टोक धरायचं आणि दुसऱ्याने वेटोळं करायचं असतं. ज्या बागेला आता पाणी द्यायचंच नाही तिच्या नळ्या नीट गुंडाळून आखाड्यावर टांगून ठेवणं, यात त्या वर्षाचं सगळं काही आहे. यावरची कथा मी अजून वाचलेली नाही.

लिहून झालेला प्रसंग उतरला की नाही, हे ओळखायची एक खात्रीची रीत आहे. मृत्यूचं ते एक वाक्य काढून टाकावं आणि उरलेला मजकूर त्या कामातल्या माणसाला वाचून दाखवावा. त्याने ‘एवढं मिश्रण कसं काय पुरलं नाही?’ किंवा ‘पातं स्वच्छ होतं, मग परत कशाला बुडवलं?’ असं विचारलं, तर प्रसंग जमला. त्याला काहीच खटकलं नाही तर हात पुरेसा ढळलेला नाही. आणि त्याने ‘असं कुणी करतच नाही’ असं म्हटलं तर लेखकाला ते काम माहीत नाही, मग शोकही त्याला लिहिता येणार नाही. जालना, परतूर, मंठा, भोकरदन इथून कथा लिहिणाऱ्या नव्या लेखकांना माझी विनंती आहे की न रडणाऱ्या बापाची पुढची कथा छापायला पाठवण्याआधी ती एकदा बागेत, बांधावर बसून, हाताला मोरचूद लागलेल्या माणसाला वाचून दाखवा.